पंखा सुरू करणारी आणि वीज खाणारी तांब्याची रिंग

किराणा दुकानात किंवा हॉटेलात थंड पेयांच्या बाटल्या ठेवलेला काचेच्या दाराचा उभा फ्रिज असतो. दार उघडले की आतून बारीक घरघर ऐकू येते. तो आवाज आतली गार हवा खेळती ठेवणाऱ्या छोट्या पंख्याचा असतो. या पंख्याच्या मोटरवरचे लेबल वाचले तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, मिनिटाला साधारण १३०० फेरे अशी माहिती मिळते. त्याच ओळीत बहुधा वॅटचे दोन आकडे तिरप्या रेघेने जोडलेले असतात, उदाहरणार्थ १०/३८ वॅट. मेकॅनिक या मोटरला ‘दहा वॅटची’ म्हणतात, कारण तिच्या शाफ्टवर पंखा फिरवण्यासाठी मिळणारी ताकद १० वॅट आहे. दुसरा आकडा मीटरवर पडणारा, ३८ वॅट. म्हणजे घेतलेल्या विजेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो आणि बाकीच्याची उष्णता होते. याच घराण्यातल्या पाच वॅटच्या मोटरची अवस्था आणखी वाईट असते. तिच्यात सहावा-सातवा हिस्साच पंख्यापर्यंत पोहोचतो.

मोठ्या कारखान्यातली थ्री फेज मोटर घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज कामाला लावते. मग या छोट्या मोटरलाच असे काय होते? कारण तिच्या पोटात बसवलेल्या तांब्याच्या रिंगेत आहे. या प्रकाराला ‘शेडेड पोल मोटर’ म्हणतात. जी रिंग तिला जागेवरून हलवते, तीच तिची वीज खाते. ही दोन कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. ती का तोडता येत नाहीत, हे नीट पाहिले की कुठे ही मोटर योग्य आणि कुठे ती बदलायला हवी, हेही आपोआप कळते.

एका कॉइलची अडचण

घरात येणारी वीज सिंगल फेज एसी असते. तिचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा पूर्ण चक्र करतो: एका दिशेने वाढतो, कमी होतो, शून्यावर येतो आणि मग उलट दिशेने तेच करतो. अशा विजेवर लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेली कॉइल जोडली, तर गाभ्याच्या टोकांशी, म्हणजे ध्रुवांशी, चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते जागच्या जागी वाढते, घटते आणि उलटते. एका रेषेत मागेपुढे होते, पण फिरत नाही.

मधोमध फिरणारा रोटर असतो. तो लोखंडी पत्र्यांचा दंडगोल असतो आणि त्यात ॲल्युमिनियमच्या सळ्या ओतलेल्या असतात. सळ्यांची टोके दोन्ही बाजूंच्या कड्यांना जोडलेली असल्यामुळे त्यांचा एक पिंजरा बनतो. या पिंजऱ्याला बाहेरून एकही वायर जात नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यात आपोआप प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावर क्षेत्राचा जोर लागतो. मात्र क्षेत्र नुसते मागेपुढे होत असेल, तर डाव्या बाजूच्या सळ्यांवर जितका जोर येतो, तितकाच उजव्या बाजूच्या सळ्यांवर विरुद्ध दिशेने येतो. बेरीज शून्य होते. मोटर गुणगुणते, तापते, पण फिरत नाही.

जात्याचे उदाहरण घेतले की हे लगेच पटते. जात्याचा खुंटा अगदी आपल्या समोर आहे आणि आपण तो नेमका मधल्या आसाच्या रेषेत ढकलतो आणि ओढतो आहोत, असे समजा. कितीही जोर लावला तरी जाते हलणार नाही. पण कुणी बाजूने थोडा धक्का दिला, तर त्याच ढकलण्या-ओढण्याने जाते फिरत राहते. धक्का उजवीकडे दिला तर उजवीकडे, डावीकडे दिला तर डावीकडे. जात्यावर दोघी एकमेकींशी काटकोनात बसल्या की एकीचा हात रेषेत आला तरी दुसरीचा तिरका असतो, म्हणून जाते अडत नाही.

एका कॉइलच्या मोटरचे तंतोतंत असेच आहे. पाती हाताने फिरवून दिली तर ती दिली त्या दिशेने वेग घेते. म्हणजे चालत राहण्याची क्षमता तिच्यात आहे, उणीव आहे ती पहिल्या धक्क्याची. हा धक्का मिळण्यासाठी दुसरे चुंबकीय क्षेत्र हवे, आणि त्याला दोन अटी आहेत. ते पहिल्यापेक्षा थोड्या वेगळ्या जागी असले पाहिजे आणि थोड्या वेगळ्या वेळी उसळी घेतले पाहिजे. जागा आणि वेळ या दोहोंत अंतर पडले की क्षेत्र एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे सरकू लागते आणि रोटर त्याच्यामागे ओढला जातो.

हे तत्त्व जुने आहे. इटलीतील ट्युरिनचे गॅलिलिओ फेरारिस यांनी वेळेत मागेपुढे असलेल्या दोन प्रवाहांनी फिरते क्षेत्र कसे तयार होते, हे १८८८ साली प्रसिद्ध केले. निकोला टेस्ला यांची या विषयावरची पेटंटेही त्याच वर्षीची. घरातल्या छताच्या साध्या पंख्यात हेच दुसरे क्षेत्र वेगळ्या वाइंडिंगने आणि कंडेन्सरने मिळवतात. कंडेन्सर त्या वाइंडिंगमधला प्रवाह वेळेत पुढे नेतो. म्हणूनच कंडेन्सर गेला की छताचा पंखा नुसता गुणगुणतो.

पण छोट्या, स्वस्त मोटरमध्ये दुसरे वाइंडिंग आणि कंडेन्सर घालणे परवडत नाही. तिथे तांब्याची रिंग कामाला येते.

रिंग नेमके काय करते

फ्रिजमधल्या आपल्या मोटरला चार ध्रुव आहेत. प्रत्येक ध्रुवाचे रोटरकडचे तोंड जवळून पाहिले तर त्यात एका बाजूला खाच दिसते. खाचेमुळे ध्रुवाचे दोन भाग पडतात, एक मोठा आणि एक लहान. लहान भाग साधारण चौथाई ते एक तृतीयांश असतो. या लहान भागाभोवती जाड तांब्याची रिंग बसवलेली असते. ती अखंड असते, तिची टोके जोडलेली असतात आणि तिला विजेची कोणतीही वायर येत नाही. ज्या मोटरमध्ये कॉइल एका बाजूला आणि रोटर दुसऱ्या बाजूला असतो, तशा उघड्या सांगाड्याच्या मोटरमध्ये या तांबूस रिंगा बाहेरूनही स्पष्ट दिसतात.

रिंग म्हणजे एकाच वेढ्याची, स्वतःशीच जोडलेली कॉइल. तिच्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की तिच्यात प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह नेहमी झालेल्या बदलाला विरोध करणारा असतो. हाइनरिख लेंझ यांनी १८३४ मध्ये सांगितलेला हाच तो नियम. क्षेत्र वाढत असेल तर रिंग ते वाढू देत नाही आणि कमी होत असेल तर टिकवून धरते.

आता एका अर्ध्या चक्राकडे सावकाश पाहू. ५० हर्ट्झच्या विजेचे अर्धे चक्र १० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात पूर्ण होते.

सुरुवातीला प्रवाह शून्यावरून झपाट्याने वाढतो. रिंगेत विरोधी प्रवाह उसळतो आणि लहान भागातून जाऊ पाहणारे क्षेत्र अडते. त्यामुळे या काळात ध्रुवाचा जोर मोठ्या, उघड्या भागात जास्त असतो.

पाच मिलिसेकंदांच्या सुमारास प्रवाह शिखरावर पोहोचतो. तिथे क्षणभर त्याचे वाढणे थांबलेले असते. बदलच नाही म्हटल्यावर रिंगेचा विरोधही ओसरतो आणि क्षेत्र ध्रुवाच्या दोन्ही भागांवर पसरते. जोराचा मध्य आता ध्रुवाच्या मध्याकडे आलेला असतो.

नंतर प्रवाह उतरू लागतो. मोठ्या भागातले क्षेत्र त्याच्याबरोबर उतरते. लहान भागातले मात्र लगेच उतरत नाही, कारण रिंगेतला प्रवाह आता दिशा बदलून तेच क्षेत्र धरून ठेवतो. त्यामुळे या काळात ध्रुवाचा जोर रिंगेच्या बाजूला जास्त असतो.

म्हणजे १० मिलिसेकंदांत क्षेत्राचा जोर ध्रुवाच्या उघड्या भागाकडून रिंगेच्या भागाकडे सरकला. पुढच्या अर्ध्या चक्रात उत्तर-दक्षिण ध्रुव उलटतात, पण सरकण्याची दिशा तीच राहते. रोटरला सेकंदाला शंभर वेळा एकाच बाजूला असा ओढा मिळतो आणि तो फिरू लागतो, नेहमी उघड्या भागाकडून रिंगेकडे.

एक व्यावहारिक गोष्टही यातून निघते. या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली तरी ती उलटी फिरत नाही, कारण दिशा वायरींनी नाही, रिंगेच्या जागेने ठरते. उघड्या सांगाड्याच्या मोटरची दिशा बदलायची असेल तर ती खोलून रोटर आणि शाफ्ट उलट्या बाजूने घालावे लागतात.

रिंगेचा हा गुण शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्येही वापरलेला असतो. स्टार्टरमधला काँटॅक्टर एसी कॉइलवर ओढला जातो आणि एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो. प्रत्येक वेळी पकड सुटून पट्टी थडथडू नये म्हणून त्याच्या लोखंडी गाभ्याच्या तोंडावर अशीच छोटी तांब्याची रिंग बसवलेली असते. मुख्य क्षेत्र शून्यावर येते, तेव्हा रिंगेच्या भागातले थोडे शिल्लक असते आणि तेवढ्यावर पट्टी धरलेली राहते. ही रिंग तुटली की काँटॅक्टर जोरात घुरघुरू लागतो.

धक्का आणि उष्णता यांची जोडी

रिंग मोटरला धक्का देते, एवढे कळल्यावर मनात येते की ती आणखी चांगली बनवली तर? आणखी जाड तांबे, आणखी कमी रोध? इथेच या मोटरची खरी मर्यादा लपलेली आहे.

रिंगेला अजिबात रोध नाही असे क्षणभर धरू. मग ती बदलाला पूर्ण विरोध करील आणि तिच्यातून क्षेत्र जाणारच नाही. लहान भाग निकामी होईल, दुसरे क्षेत्रच नसेल आणि धक्काही नसेल. आता उलट टोक घेऊ. रिंग पातळ, खूप रोधाची, किंवा तुटलेलीच आहे. मग तिच्यात प्रवाह वाहणार नाही, लहान भागातले क्षेत्र मोठ्या भागाबरोबरच उसळेल, वेळेत अंतर पडणार नाही आणि धक्का पुन्हा शून्य. म्हणजे रिंगेला रोध हवाच, फक्त बेताचा. आणि ज्या तांब्याला रोध आहे आणि ज्यातून प्रवाह वाहतो आहे, ते तापणारच.

वेळेतले अंतर वाढवावे तर रिंगेतले क्षेत्र क्षीण होते, क्षेत्र बळकट ठेवावे तर अंतर घटते. गळती वगैरे गोष्टी बाजूला ठेवून साधा हिशेब केला तर धक्का सर्वांत जास्त तेव्हा मिळतो, जेव्हा रिंगेचे क्षेत्र चक्राच्या आठव्या भागाने, म्हणजे अडीच मिलिसेकंदांनी मागे राहते. त्या वेळी त्याचा जोर मूळच्या सुमारे ७० टक्के उरलेला असतो. उत्तम फिरत्या क्षेत्रासाठी लागतो पूर्ण पाच मिलिसेकंदांचा फरक आणि पूर्ण जोर. त्यामुळे रिंग कितीही विचारपूर्वक बनवली तरी आदर्श धक्क्याच्या निम्म्यापर्यंतच मजल जाते. त्यातही रिंग ध्रुवाच्या एका लहान कोपऱ्यावरच बसलेली असल्यामुळे प्रत्यक्षात मिळतो तो धक्का याहून खूपच कमी असतो.

याच हिशेबातून निघणारी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रिंगेत होणारी उष्णता आणि रिंगेमुळे मिळणारा धक्का हे एकाच प्रमाणात वाढतात आणि एकाच प्रमाणात घटतात. सर्वांत जास्त धक्का देणारी रिंग हीच सर्वांत जास्त तापणारी रिंग असते. उष्णता टाळून धक्का मिळवण्याची सोय या रचनेत नाही. शिवाय कंडेन्सरने सुरू होणाऱ्या काही मोटरमध्ये वेग आल्यावर सुरुवातीचे वाइंडिंग स्विचने तोडता येते, तसे इथे करता येत नाही. रिंग ध्रुवात कायमची रुतलेली असते. धक्क्याची गरज पहिल्या एक-दोन सेकंदांपुरती, पण रिंग मात्र मोटर चालू आहे तोवर तापत राहते.

अडतीस वॉटचा हिशेब

आता लेबलावरचे ३८ वॅट कुठे जातात ते पाहू. शाफ्टवर १० वॅट पोहोचले. उरलेल्या २८ वॅटचे वाटेकरी कोण?

पहिली वाटेकरी कॉइल. ही मोटर साधारण पाव ॲम्पिअर प्रवाह घेते. गरम अवस्थेत कॉइलचा रोध १५० ओम धरला, तर प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून सव्वानऊ वॅटच्या थोडे वर येतात. छोट्या मोटरमध्ये बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात, म्हणून हा आकडा मोठा असतो. प्रवाह जास्त असण्याचेही एक कारण आहे. २३० व्होल्टला पाव ॲम्पिअरने गुणले तर ५७ च्या वर येतात, पण मीटरवर ३८ वॅटच दिसतात. वरचा प्रवाह केवळ चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी ये-जा करतो. तो काम करत नाही, पण जाता-येता कॉइल मात्र तापवतो.

दुसरा वाटेकरी रोटरचे मागे राहणे. चार ध्रुवांचे क्षेत्र ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वेगाने फिरते आणि रोटर १३०० फेरे घेतो. हा फरक असल्याशिवाय पिंजऱ्यात प्रवाहच निर्माण होणार नाही. त्यापोटी दीड-पावणेदोन वॅट रोटरच्या सळ्यांत जातात. हा हिस्सा लहान आहे.

राहिले सुमारे १७ वॅट. यांचे मुख्य धनी दोन: रिंगा आणि उलटे फिरणारे क्षेत्र. जात्यावरच्या रेषेतल्या हाताकडे दुसऱ्या नजरेने पाहता येते. एका रेषेत मागेपुढे होणारा जोर म्हणजे एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन अर्ध्या जोरांची बेरीज. रिंग त्यातला एक थोडा वाढवते आणि दुसरा थोडा कमी करते, पण दुसरा नाहीसा करू शकत नाही. रोटर सरळ दिशेने १३०० फेऱ्यांनी जात असताना उलटे क्षेत्र १५०० फेऱ्यांनी त्याच्या विरुद्ध जाते. म्हणजे दोघांतला सापेक्ष वेग २८०० फेऱ्यांचा. त्यामुळे पिंजऱ्यात सुमारे ९३ हर्ट्झचा आणखी एक प्रवाह खेळतो, तो सळ्या तापवतो आणि वर रोटरला ब्रेकही लावतो. सरळ क्षेत्राने कमावलेल्या ताकदीतला काही भाग हा ब्रेक सोडवण्यातच खर्च होतो. लोखंडी पत्र्यांतले चुंबकीय नुकसान आणि बुशमधले घर्षण हे उरलेले किरकोळ वाटेकरी.

थोडक्यात, एकटी रिंग दोषी आहे असे नाही. पण रिंगेचा धक्का दुबळा असल्यामुळे क्षेत्र अर्धवटच फिरते. अर्धवट फिरण्यामुळे उलटे क्षेत्र शिल्लक राहते, आणि १० वॅट मिळवण्यासाठी प्रवाह जास्त ओढावा लागून कॉइलही जास्त तापते. सगळ्या नुकसानींचे मूळ एकाच ठिकाणी जाते.

तरीही ती पंख्याला का चालते

या मोटरचा सुरुवातीचा जोर तिच्या चालू जोराच्या साधारण निम्माच असतो. एवढ्या जोरावर गिरणी किंवा कंप्रेसर कधीच सुरू होणार नाही. पंख्याचे मात्र तसे नाही. पाती उभी असताना हवेचा विरोध शून्य असतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात तो वाढत जातो. म्हणून सुरुवातीला मोटरला फक्त बुशमधले घर्षण तोडायचे असते. दुबळ्या सुरुवातीची ही मोटर आणि हलक्या सुरुवातीचा पंखा यांची जोडी म्हणूनच जमली.

दुसरे म्हणजे तिच्यात बिघडण्यासारखे फारच थोडे आहे. कंडेन्सर नाही, ब्रश नाहीत, स्विच नाही, इलेक्ट्रॉनिक पट्टी नाही. शिवाय पाती अडकून मोटर जाम झाली तरी तिचा प्रवाह चालू असतानाच्या प्रवाहापेक्षा थोडाच वाढतो, त्यामुळे अशा पुष्कळ मोटर जाम होऊनही लगेच जळत नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हनचा थंड करणारा पंखा, मशीनच्या पॅनेलमधला चौकोनी पंखा, न्हाणीघरातला छोटा एक्झॉस्ट अशा ठिकाणी ती अनेक वर्षे निमूट काम करते.

ती बिघडते तेव्हा बहुधा घर्षणाने बिघडते. बुशमधले तेल सुकते किंवा त्यात धूळ आणि चिकटा साचतो. फ्रिजमध्ये बर्फ वाढून पातीला टेकतो. मग मोटर गुणगुणते पण फिरत नाही. अशा वेळी आधी वीज बंद करून प्लग काढावा आणि पाती बोटाने फिरवून पाहावी. ती जड जात असेल तर दोष बुशचा किंवा बर्फाचा. ती मोकळी फिरून हळूहळू थांबत असेल, तरी मोटर वीज दिल्यावर आपणहून सुरू होत नसेल आणि व्होल्टेज व्यवस्थित असेल, तर रिंगेचा जोड उघडला असण्याची शक्यता आहे. आणि मोटर गुणगुणतही नसेल, तापतही नसेल, तर कॉइल तुटली आहे. मल्टिमीटरने कॉइलचा रोध पाहिला की ते लगेच कळते.

व्होल्टेजकडेही लक्ष हवे. या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० चे १८० व्होल्ट झाले, तर व्होल्टेज बावीस टक्क्यांनी घटले असले तरी जोर सुमारे ६० टक्क्यांवर येतो. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी वीज पडते, तेव्हा बुश थोडे कोरडे असलेला पंखा आधी अडतो आणि व्होल्टेज पूर्ववत झाले की काही झालेच नाही असा चालतो. अशा पंख्याची मोटर बदलण्यापूर्वी बुशला तेल द्यावे.

किती तास चालते, हे पाहा

३८ वॅट हा आकडा एकट्याने मोठा नाही. दिवसातून अर्धा तास चालणाऱ्या एक्झॉस्ट पंख्यात तो वर्षाला सात युनिटही खात नाही. तिथे महागडी मोटर बसवण्यात अर्थ नाही.

दुकानातल्या फ्रिजचा पंखा मात्र चोवीस तास चालतो. दिवसाला सुमारे ०.९१ युनिट, वर्षाला ३३० युनिटच्या वर. शिवाय हा पंखा थंड पेटीच्या आत आहे. कॉइल, रिंगा आणि रोटरमधली सगळी उष्णता आत सुटते. पंख्याने हवेला दिलेले १० वॅटही अखेर हवेच्या घर्षणातून उष्णताच होतात. ही सारी ३८ वॅट उष्णता बाहेर काढण्याचे काम कंप्रेसरला करावे लागते. कंप्रेसर एक वॅट वीज घेऊन दोन वॅट उष्णता बाहेर टाकतो असे धरले, तर त्यासाठी आणखी १९ वॅट लागतात. एकूण झाले ५७.

त्याच जागी कायमचुंबकाचा रोटर असलेली इलेक्ट्रॉनिक मोटर बसवली, तर तेच १० वॅट काम ती साधारण १५ वॅटमध्ये करते. छताच्या नव्या बीएलडीसी पंख्यात असते त्याच जातीची ही मोटर. तिच्यात फिरते क्षेत्र इलेक्ट्रॉनिक सर्किट तयार करते, त्यामुळे रिंगेची गरजच उरत नाही. कंप्रेसरचा जादा भार धरून तिचा खर्च २२-२३ वॅट येतो. एका पंख्यामागे सुमारे ३४ वॅट वाचले. वर्षाचे ८,७६० तास धरले तर जवळपास ३०० युनिट. युनिटचा दर दहा रुपये धरला तर एका पंख्यामागे वर्षाला तीन हजार रुपये, आणि मोठ्या फ्रिजमध्ये असे दोन-तीन पंखे असतात.

अमेरिकेने याच हिशेबावर २००७ च्या ऊर्जा कायद्यात तरतूद केली. २००९ पासून तिथे बनणाऱ्या चालत जाता येईल एवढ्या शीतखोल्यांच्या आतील छोट्या पंख्यांसाठी इलेक्ट्रॉनिक किंवा थ्री फेज मोटर सक्तीची झाली आणि शेडेड पोल मोटरला तिथून बाहेर पडावे लागले. इतर कमी वापराच्या जागी मात्र ती राहिली, आणि तिथे राहणेच योग्य आहे.

म्हणून आइस्क्रीम पार्लर, दूध डेअरी, हॉटेल किंवा औषधांचे दुकान चालवणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: फ्रिजचा पंखा पुढच्या वेळी बिघडेल तेव्हा सवयीने तीच मोटर मागवू नका. तिच्या लेबलावरचा वॅटचा मोठा आकडा वाचा, तो दिवसाच्या तासांनी गुणा आणि पंखा थंड पेटीच्या आत असेल तर त्यात निम्म्याची भर घाला. जो पंखा दिवसातून थोडा वेळ चालतो, त्याला रिंगेची मोटर चांगली. जो कधीच बंद होत नाही, त्याला इलेक्ट्रॉनिक मोटरच बसवा. तिची जास्तीची किंमत बहुतेक ठिकाणी पहिल्या एक-दोन वर्षांच्या वीजबिलातच वसूल होते.